हाताने काढलेल्या सर्किटचा फोटो: सिग्नलचा रस्ता आणि पुसट पार्ट्स कसे ओळखायचे

प्रश्न: "वडिलांच्या जुन्या वहीत माईक ॲम्प्लिफायरचं सर्किट सापडलं, बहिणीने फोटो पाठवलाय. बीसी ५४७ आणि एलएम ३८६ एवढंच नीट वाचता येतंय, बाकी आकडे पुसट आहेत आणि लाईनी एकमेकींवरून गेल्यात. सिग्नल कुठून कुठे जातो आणि कुठला पार्ट काय आहे हे कसं ओळखू? ९ व्होल्टवर जोडून बघायचंय."

फोटो झूम करून आकडे वाचत बसलात तर अडकाल. पुसट आकडा कितीही मोठा केला तरी पुसटच राहतो, आणि थोड्या वेळाने डोळ्यांना जे हवंय तेच दिसायला लागतं. म्हणून आकडे आधी बाजूला ठेवा. त्या कागदावर दोन वेगळ्या गोष्टी एकाच पेनाने काढल्यात, एक आवाजाचा रस्ता आणि दुसरी सप्लायची जोडणी. या दोन वेगळ्या केल्या की सर्किट बऱ्यापैकी कळतं, आणि मग जे आकडे उरतात त्यातलं कुठलं वाचन सर्किटला चालेल हे साध्या गणिताने ठरवता येतं. मी बरीच वर्षं पीए सिस्टिम आणि जुने ॲम्प्लिफायर दुरुस्त करतोय, लोक वहीची पानं, बिलांच्या मागे काढलेली सर्किटं असं काहीही घेऊन येतात, आणि मी दरवेळी याच क्रमाने जातो.

पण त्याआधी एक काम. मूळ वही हाताशी आहे तर बहिणीला अजून तीन-चार फोटो काढायला सांगा. दिवसा, खिडकीजवळ, फ्लॅश बंद, मोबाईल पानाच्या बरोबर वर सरळ धरून. एक पूर्ण पानाचा आणि बाकीचे पानाच्या चार भागांचे जवळून. आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर तो दाबला जातो आणि नेमके ठिपके, डेसिमल पॉईंट असले बारीक प्रकार आधी जातात. त्याच पानाच्या मागच्या बाजूचाही एक फोटो घ्या. जुन्या वहीत शाई पलीकडे उतरते, तुमच्या फोटोत खाली डावीकडे ज्या फिकट तिरक्या लाईनी आहेत त्या मला मागच्या पानाच्या वाटतात. मागचा फोटो आरशासारखा उलटा करून शेजारी ठेवला की लगेच कळेल, त्या तिथे गडद दिसल्या तर या सर्किटमधून त्यांना वगळा.

आता फोटोची प्रिंट घ्या, ब्लॅक अँड व्हाईट चालेल, आणि दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. लाल रंगाने ९ व्होल्टची वरची लाईन आणि तिला जोडलेलं सगळं रंगवा, निळ्याने ग्राउंड. ग्राउंडची चिन्हं पानावर पाच-सहा ठिकाणी असतील, तो सगळा एकच पॉईंट आहे हे लक्षात ठेवा, ते एकमेकांना जोडलेले दाखवले नसले तरी. रंगवताना एक शिस्त पाळायची: रेझिस्टर किंवा कपॅसिटर आला की रंग तिथे थांबवायचा, पार्टच्या पलीकडे रंग न्यायचा नाही, कारण पलीकडचा पॉईंट वेगळा असतो.

हे करताना तुम्हाला एक गोष्ट दिसेल जी नवीन माणसाला नेहमी चकवते. वरच्या लाईनीत माईककडे जाताना मध्येच एक रेझिस्टर आहे, २२० सारखं काहीतरी लिहिलंय, आणि त्याच्या डाव्या टोकापासून खाली ग्राउंडला एक मोठा कपॅसिटर, त्यावर १०० दिसतंय. हा सिग्नलचा भाग नाही. स्पीकर जोरात वाजला की एलएम ३८६ सप्लायमधून जास्त करंट ओढतो, ९ व्होल्टची बॅटरी क्षणभर खाली बसते, आणि तो हेलकावा माईकच्या स्टेजला पोचला तर पुन्हा मोठा होऊन स्पीकरवर येतो आणि सर्किट "भक भक भक" करत बसतं. २२० ओहम आणि १०० मायक्रोफॅरड मिळून तो हेलकावा अडवतात. बघितलं की वाटतं हा कपॅसिटर आवाजाच्या रस्त्यात आहे, पण त्याचं एक टोक निळं आहे आणि दुसरं सप्लायच्या लाईनीवर, सिग्नल त्याच्यातून पुढे कुठेच जात नाही. २२० च्या डावीकडची ती लाईन लालच समजा, फक्त फिकट लाल.

लाल आणि निळं झालं की जे उरतं त्यातूनच आवाज जातो. आता माईकपासून सुरू करा आणि प्रत्येक पार्टला स्वतःचा नंबर देत चला. वडिलांनी नंबर दिलेले नाहीत म्हणून आपण देऊ, डावीकडून उजवीकडे. रेझिस्टरला आर, कपॅसिटरला सी, ट्रान्झिस्टरला टीआर. सप्लायमधल्या त्या दोघांना आर४ आणि सी४ म्हणा आणि बाजूला ठेवा.

माईकचं एक टोक निळं आहे. दुसऱ्या टोकाला दोन गोष्टी जोडल्यात, वर लाल लाईनीकडे जाणारा आर१ आणि उजवीकडे जाणारा सी१. आर१ आहे म्हणजे हा कंडेन्सर माईक आहे, तो बटणाएवढा, ज्याच्या आत एक छोटा एफईटी असतो आणि त्याला चालायला थोडा करंट लागतो. जुना डायनॅमिक माईक असता तर आर१ लागलाच नसता. बघा, माईकचं नाव कुठे लिहिलेलं नाही, पण शेजारच्या पार्टवरून तो कुठला ते कळलं. आवाज सी१ मधून टीआर१ च्या बेसला, कलेक्टरवरून मोठा आणि उलटा होऊन बाहेर, मग सी२ मधून व्हॉल्यूमच्या पॉटच्या वरच्या टोकाला, पॉटच्या बाणाच्या टोकावरून एलएम ३८६ च्या ३ नंबर पिनला, ५ नंबरमधून बाहेर, सी३ मधून स्पीकरला, आणि स्पीकरचं दुसरं टोक निळं. रस्ता एवढाच आहे. ५ नंबरवरून खाली जो १० ओहम आणि ४७३ लिहिलेला कपॅसिटर एकामागे एक ग्राउंडला गेलाय तो आवाजाच्या रस्त्यातला नाही, तो आयसीने फार वरच्या फ्रिक्वेन्सीला स्वतःच ओरडू नये म्हणून असतो. ४७३ म्हणजे ४७ वर तीन शून्य, पिकोफॅरडमध्ये, म्हणजे ०.०४७ मायक्रोफॅरड. तो काढून टाकू नका, त्याच्याशिवाय कधी कधी आवाज येतो पण आयसी उगाच गरम होतो.

आता लाईनी एकमेकींना छेदतात तिथे काय करायचं. तीन लाईनी मिळून टी होतो तिथे जोड असतोच, ठिपका असो नसो. चार बाजूंनी क्रॉस होतो तिथे खरा प्रश्न. ठिपका असेल तर जोड, नसेल तर नाही, हा पुस्तकातला नियम. पण हाताने काढणाऱ्यांच्या दोन पद्धती असतात, काही जण ठिपके देतात, काही जण जिथे जोड नाही तिथे अर्धवर्तुळाची उडी काढतात. तुमच्या फोटोत पॉटजवळ एक स्पष्ट उडी आहे, म्हणजे वडील उडीवाले होते, आणि त्या हिशोबाने साधा क्रॉस दिसला की तो जोड धरावा लागेल. पण त्यांनी स्पीकर वरच्या कोपऱ्यात काढलाय, त्यामुळे ५ नंबरची लाईन वर जाताना ६ नंबरच्या सप्लायच्या लाईनीला छेदते, तिथे उडी नाही आणि वरून काळा डागही आहे. हा जोड असेल का? असेल तर आयसीचं आउटपुट थेट ९ व्होल्टला बांधलं जाईल, आवाज येणार नाही आणि आयसी जाईल. असं सर्किट कोणी चालवून वहीत उतरवणार नाही, म्हणजे तो शाईचा डाग आहे आणि उडी काढायची राहून गेलीय. काढणाऱ्याची सवय बघून अंदाज घ्यायचा, पण शेवटचा निर्णय सर्किटला विचारून करायचा: हा जोड धरला तर काय होईल, आणि नाही धरला तर काय होईल.

ट्रान्झिस्टरचा बाण तुमच्या फोटोत घडीवर आलाय त्यामुळे दिशा दिसत नाही. इथे नाव वाचता येतंय म्हणून प्रश्न नाही, बीसी ५४७ एनपीएन आहे, बाण बाहेरच असणार. नाव नसतं तरी कळलं असतं, कारण बाणाचं टोक ग्राउंडला आहे आणि कलेक्टर रेझिस्टरमधून प्लसकडे गेलाय, ही एनपीएनची बसायची पद्धत. फक्त एक लक्षात ठेवा, कागदावरचं चिन्ह पाय कुठल्या क्रमाने आहेत ते सांगत नाही. बीसी ५४७ ची सपाट बाजू तुमच्याकडे आणि पाय खाली धरलेत तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. दुकानदाराने त्याच्याऐवजी २एन ३९०४ दिला तर क्रम बरोबर उलटा असतो, एमिटर, बेस, कलेक्टर.

आता मुख्य मुद्दा, पुसट आकडे. टीआर१ भोवती दोन रेझिस्टर आहेत. कलेक्टरवरून वर लाल लाईनीला जाणारा आर३, त्यावर "४७" आणि पुढे के दिसतोय, मध्ये पॉईंट होता की नाही ते सांगता येत नाही, म्हणजे ४.७ के किंवा ४७ के. याच भानगडीसाठी पुढे ४के७ असं लिहायची पद्धत आली, पॉईंटच्या जागी के, म्हणजे झेरॉक्समध्ये ठिपका गेला तरी आकडा राहतो. दुसरा आर२, त्यावर १ आणि पुढे एम सारखं काहीतरी, पण ते १०० के सुद्धा असू शकतं. आणि आर२ चं वरचं टोक नेमकं घडीत गेलंय, ते कलेक्टरला जोडलंय की लाल लाईनीला, दिसत नाही.

डोळ्यांनी हे सुटणार नाही, पण ट्रान्झिस्टरला विचारलं तर सुटतं. आवाज नसताना कलेक्टरचा व्होल्टेज सप्लायच्या साधारण मध्यावर असायला हवा, ९ व्होल्टला चार-पाचच्या आसपास, म्हणजे आवाजाला वर आणि खाली दोन्हीकडे हलायला जागा राहते. बेस ०.६ व्होल्टला असतो. बीसी ५४७ चा गेन बी प्रकाराला २०० ते ४५० असतो, आपण ३०० धरू.

आधी आर२ कलेक्टरला जोडलाय, १ मेग आहे आणि आर३ ४.७ के आहे असं धरा. समजा कलेक्टर ४ व्होल्टला आहे. मग आर२ वर ४ वजा ०.६ म्हणजे ३.४ व्होल्ट, १ मेगमधून ३.४ मायक्रोॲम्पियर बेसला. गुणिले ३०० म्हणजे साधारण १ मिलिॲम्पियर कलेक्टरला. तो ४.७ के मधून गेला की ४.८ व्होल्ट पडतात, ९ मधून गेले की उरले ४.२. धरले होते ४, आले ४.२, म्हणजे खरा आकडा यांच्या मध्येच, ४.१ च्या जवळ. अगदी मध्यावर नाही पण उत्तम चालेल.

आता आर३ ४७ के धरून बघा. तोच १ मिलिॲम्पियर ४७ के मधून जायचा तर ४७ व्होल्ट पडायला हवेत, आपल्याकडे नऊच आहेत. म्हणजे कलेक्टर खाली बसत जातो आणि सव्वा व्होल्टच्या जरा खाली येऊन थांबतो. आवाज येईल, पण खालची बाजू लगेच कापली जाईल आणि मोठ्याने बोललं की फाटल्यासारखं ऐकू येईल. आर२ १०० के आणि आर३ ४.७ के धरला तरी गणित तेवढ्याच व्होल्टला येतं, कारण दोघांचं प्रमाणच महत्त्वाचं आहे. म्हणजे १ मेग आणि ४.७ के ही जोडी बसते, आणि एकच आकडा चुकीचा वाचला तर बसत नाही.

राहिलं आर२ चं वरचं टोक. ते लाल लाईनीला धरलं तर बेसला ८.४ मायक्रोॲम्पियर, ३०० ने गुणून अडीच मिलिॲम्पियर, ४.७ के वर जवळपास १२ व्होल्ट, जे शक्यच नाही. ट्रान्झिस्टर पूर्ण ऑन होऊन बसेल आणि आवाज जवळपास येणारच नाही. कमी गेनचा ए प्रकार मिळाला, ११० वगैरेचा, तर ही जोडणीही चालून जाते हे खरं, पण मग सर्किट नशिबावर चालतं, आज लावलेला ट्रान्झिस्टर चालला आणि पुढच्या महिन्यात दुसरा लावला तर नाही. कलेक्टरला जोडलं की गेन वाढला तर कलेक्टर खाली येतो, बेसला करंट कमी मिळतो आणि सगळं आपोआप सावरतं. म्हणून मी आर२ कलेक्टरलाच धरेन, आणि फोटोतही घडीच्या खालून जे टोक निघतंय ते कलेक्टरच्या उंचीवर दिसतंय.

हे झालं की कपॅसिटरचे प्लस-मायनसही याच आकड्यांतून निघतात, वडिलांनी चिन्ह काढलं असो नसो. सी२ चं एक टोक कलेक्टरवर म्हणजे ४ व्होल्टला, दुसरं पॉटवर म्हणजे शून्याला, प्लस कलेक्टरकडे. एलएम ३८६ ची ५ नंबर पिन आपोआप सप्लायच्या अर्ध्यावर राहते, साडेचार व्होल्टला, आणि स्पीकरचं दुसरं टोक ग्राउंडला, म्हणून सी३ चा प्लस आयसीकडे. हा सी३ गाळायचा नाही, नाहीतर साडेचार व्होल्ट थेट ८ ओहमच्या स्पीकरवर येतील, अर्ध्या ॲम्पियरच्या वर करंट वाहील आणि आयसी आणि बॅटरी दोन्ही संपतील.

सी३ वर मला २२ दिसतंय आणि पुढे घासलंय. २२ मायक्रोफॅरड की २२०? ८ ओहमबरोबर २२० असेल तर साधारण ९० हर्ट्झच्या खालचा आवाज कमी होतो, छोट्या स्पीकरला तो तसाही येत नाही. २२ असेल तर ही हद्द ९०० हर्ट्झवर जाते आणि माणसाचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा लागतो. २२० च घ्या. वहीत एमएफडी लिहिलं असेल तर गोंधळू नका, ते मायक्रोफॅरडच, मिली नव्हे.

प्रत्येक आकडा मात्र असा पकडता येत नाही. सी२ वर १ आहे की ०.१ हे गणित सांगू शकत नाही, कारण १० के च्या पॉटबरोबर दोन्ही चालतात, ०.१ ने १०० हर्ट्झच्या आसपासचा जाड आवाज थोडा उतरतो एवढंच, आणि बोलण्यासाठी ते काही वेळा बरंही पडतं. आर१ ४.७ के ते १० के काहीही घ्या, माईक चालेल. अशा ठिकाणी वडिलांनी नेमकं काय लावलं होतं ते कळायचं असेल तर चांगला फोटो किंवा त्यांनी जोडलेला बोर्ड हाच उपाय, बाकी अंदाज.

१ आणि ८ नंबर पिनमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढलाय आणि त्यावर आडवी रेघ आहे. ती रेघ मागच्या पानाची नाही, तिची शाई तितकीच गडद आहे, म्हणजे तो नंतर खोडलाय. याला कारणही आहे. तो कपॅसिटर असेल तर एलएम ३८६ चा गेन २०० होतो, नसेल तर २०. आधीच बीसी ५४७ ने माईकचा आवाज बराच वाढवलाय, त्यावर २०० पट केलं की माईक आणि स्पीकर एका खोलीत असतील तर शिट्टी मारतंच. बहुतेक त्यांनी लावून बघितलं, शिट्टी आली आणि खोडलं. तुम्ही त्याच्याशिवाय सुरू करा.

जोडताना आयसीचं चित्र आधी तपासा. वडिलांनी चौकोन काढून पिना प्रत्यक्षातल्यासारख्या दिल्यात, खाच वर, डावीकडे वरून खाली १ ते ४, मग उजवीकडे खालून वर ५ ते ८. हे बरोबर आहे, पण नेटवर हाच आयसी त्रिकोणात काढलेला दिसेल आणि तिथे पिना सोयीप्रमाणे कुठेही असतात, दोन चित्रं शेजारी ठेवून गोंधळ करू नका, फक्त नंबर जुळवा: २ आणि ४ ग्राउंड, ३ इनपुट, ५ आउटपुट, ६ सप्लाय.

आणि सगळं एकदम जोडू नका. आधी फक्त एलएम ३८६, पॉट, सी३ आणि स्पीकर. सप्लाय देऊन ५ नंबरवर मल्टिमीटर लावा, साडेचारच्या आसपास यायला हवेत. मग पॉट अर्ध्यावर ठेवून पॉटच्या वरच्या टोकाला बोट लावा, गुणगुण आली पाहिजे. मग टीआर१, आर२, आर३ जोडा आणि सी२ जोडायच्या आधी कलेक्टरचा व्होल्टेज बघा. ३ ते ५ च्या मध्ये आला तर आपण आकडे बरोबर वाचलेत. सव्वाच्या आसपास किंवा त्याच्या खाली आला तर आर२ किंवा आर३ एक शून्य चुकलाय, किंवा आर२ चुकीच्या टोकाला गेलाय. ९ च्या आसपास आला तर ट्रान्झिस्टर करंट ओढतच नाहीये, बहुतेक कलेक्टर-एमिटरचे पाय उलटे आहेत किंवा आर२ सुटलाय. माईक आणि सी१ सगळ्यात शेवटी.

नवीन फोटो आले की ७ नंबर पिनच्या आसपासचा भाग जवळून टाका. तिथे ग्राउंडला जाणारा एक कपॅसिटर असावा असं वाटतंय, सप्लायची गुणगुण कमी करण्यासाठी ७ वर तो लावतात, पण या फोटोत तिथे सावली पडलीय आणि मला खात्रीने सांगता येत नाही. बॅटरीवर चालवणार असाल तर तो नसला तरी तुमचं काम अडणार नाही, ॲडॅप्टरवर लावणार असाल तर १० मायक्रोफॅरडचा टाका, प्लस ७ कडे.